पगारातून पेन्शन खात्यात: मालकाच्या वाट्याचा करपात्र पगारावर होणारा परिणाम

एप्रिल उजाडला की खासगी कंपन्यांच्या एचआर विभागातून मेल येतात. कोणती करप्रणाली घेणार ते कळवा, आणि त्याखालीच एक रकाना: कंपनीकडून एनपीएसमध्ये योगदान हवे का, हवे असल्यास किती टक्के. बहुतेक लोक शेजारच्या टेबलावर विचारतात, ‘तू काय भरलंस?’ आणि तेच भरून मोकळे होतात. हा रकाना इतक्या सहज भरण्यासारखा नाही. दोन सहकाऱ्यांच्या पगारात वर्षाला पाऊण लाखाचाच फरक असेल, तरी याच रकान्यातून एकाला पंचाहत्तर हजारांचा कर वाचतो आणि दुसऱ्याला दहा हजारांचा. पगार त्याहून कमी असलेल्या तिसऱ्याला काहीच मिळत नाही, उलट पैसे अडकून पडतात.

आधी नावाने होणारा गैरसमज दूर करू. ‘मालकाचे योगदान’ म्हटले की कंपनी पदरचे काही देते आहे असे वाटते. सरकारी नोकरीत ते खरेही आहे. १ जानेवारी २००४ पासून लागलेले केंद्र सरकारचे कर्मचारी एनपीएसमध्ये आले. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांसाठी जुनी पेन्शन बंद होऊन अंशदायी योजना आली. केंद्राच्या कर्मचाऱ्याचा स्वतःचा वाटा मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के असतो. सरकारचा वाटाही पूर्वी तेवढाच होता, एप्रिल २०१९ पासून तो १४ टक्के झाला. हा वाटा पगाराव्यतिरिक्त मिळतो, त्यासाठी हातातल्या पगाराला कात्री लागत नाही. खासगी क्षेत्रात चित्र उलटे आहे. तिथे सगळा हिशोब सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला एकूण किती खर्च करणार याचा. तो आकडा ठरलेला असतो. एनपीएसचा वाटा त्यातूनच, बहुधा ‘स्पेशल अलाउन्स’ कमी करून काढला जातो. पैसे तुमचेच असतात, फक्त बँक खात्याऐवजी कंपनीच्या हातून पेन्शन खात्यात जातात.

मग एवढा खटाटोप कशासाठी? तर करासाठी. तीच रक्कम आधी पगार म्हणून घेतली आणि मग स्वतः एनपीएसमध्ये भरली, तर नव्या करप्रणालीत त्यावर एक रुपयाचीही वजावट नाही. ८०सी गेले, स्वतःच्या एनपीएस योगदानावरची ५० हजारांची जादा वजावटही जुन्या प्रणालीतच राहिली. पण तीच रक्कम मालकाच्या हातून गेली की कलम ८०सीसीडी(२) लागू होते, आणि हे कलम नव्या प्रणालीतही शाबूत आहे. आज नव्या प्रणालीतल्या पगारदाराकडे प्रमाणित वजावट सोडली तर मोठी म्हणावी अशी हीच एक वजावट उरली आहे. (१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले. पण पगाराच्या स्लिपांवर आणि लोकांच्या तोंडी अजून जुनेच आकडे आहेत, म्हणून इथेही तेच वापरतो. उदाहरणांतले दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.)

वजावटीची मर्यादा ‘पगारा’च्या टक्केवारीत आहे, पण या कलमापुरता पगार म्हणजे मूळ वेतन, आणि नोकरीच्या अटींत तशी तरतूद असेल तर महागाई भत्ता. घरभाडे भत्ता, स्पेशल अलाउन्स, बोनस यांतले काहीही त्यात येत नाही. पूर्वी खासगी नोकरदारांसाठी ही मर्यादा १० टक्के होती. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने नवी प्रणाली घेणाऱ्यांसाठी ती १४ टक्के केली. जुन्या प्रणालीत खासगी नोकरदाराला अजूनही १० टक्केच. केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना दोन्हीकडे १४ टक्के मिळतात. ८०सीच्या दीड लाखाच्या मर्यादेशी या वजावटीचा संबंध नाही. ती त्याच्या बाहेर आहे.

करपात्र पगारावर परिणाम नेमका कसा होतो, हे पाहायला हिशोबाचा क्रम लक्षात घ्यावा लागतो. भविष्य निर्वाह निधीत मालकाचा १२ टक्क्यांपर्यंतचा वाटा तुमच्या करपात्र पगारात मुळात धरलाच जात नाही. एनपीएसचे तसे नाही. तिथे मालकाचा वाटा आधी पगाराचा भाग म्हणून एकूण उत्पन्नात मिळवला जातो आणि मग ८०सीसीडी(२) खाली वजा होतो. उत्तर दोन्हीकडे सारखेच येते, मग आधी मिळवायचे कशाला, असे कोणीही विचारेल. पण पुढे ज्या चुका होतात त्यातल्या निम्म्या या दोन पायऱ्यांतली एक गाळल्यामुळेच होतात.

आता एक हिशोब पूर्ण मांडून पाहू. समजा, चाकणच्या एका कारखान्यातल्या अभियंत्याचा मालकाचा पीएफ वगळून वार्षिक पगार १३ लाख ६० हजार आहे आणि मूळ वेतन त्याच्या निम्मे, म्हणजे ६ लाख ८० हजार. नवी प्रणाली, दुसरे उत्पन्न नाही. एनपीएस न घेता ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढली की करपात्र उत्पन्न १२ लाख ८५ हजार होते. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चारांवर ५ टक्क्यांनी २० हजार, त्यापुढच्या चारांवर १० टक्क्यांनी ४० हजार आणि उरलेल्या ८५ हजारांवर १५ टक्क्यांनी १२,७५० रुपये. एकूण ७२,७५०. त्यावर ४ टक्के उपकर धरून कर ७५,६६० रुपये.

आता त्याच माणसाने १४ टक्के योगदानाला होकार दिला. मूळ वेतनाचे १४ टक्के म्हणजे वर्षाला ९५,२०० रुपये. स्पेशल अलाउन्स तेवढा घटतो, पगाराचा एकूण आकडा तोच राहतो. करपात्र उत्पन्न १२ लाख ८५ हजारांतून ९५,२०० वजा होऊन ११ लाख ८९ हजार ८०० वर येते. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७अ खाली ६० हजारांपर्यंत करसूट आहे, त्यामुळे कर शून्य. पेन्शन खात्यात ९५,२०० रुपये गेले, पण त्यातले ७५,६६० एरवी करातच जाणार होते. हातात येणारा पगार वर्षाला फक्त १९,५४० रुपयांनी, म्हणजे महिन्याला सोळाशेच्या आसपास कमी झाला. याहून स्वस्तात पेन्शन कुठे मिळत असेल असे मला वाटत नाही.

पण हे गणित सगळ्यांना लावू नका. याच अभियंत्याच्या शेजारी बसणाऱ्याचा पगार १२ लाख ८५ हजार आहे असे धरू. प्रमाणित वजावटीनंतर त्याचे करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार. दराने पाहिले तर कर साठ हजारांवर जायला हवा, पण कायदा म्हणतो की १२ लाखांच्या वर जितके उत्पन्न आहे त्याहून जास्त कर नको. हाच तो मार्जिनल रिलीफ. म्हणून त्याचा कर दहा हजार आणि उपकर मिळून १०,४०० इतकाच. त्याने मूळ वेतनाच्या १४ टक्के, म्हणजे ८९,९५० रुपये एनपीएसमध्ये वळवले तर वाचणार फक्त १०,४०० आणि हातातला पगार कमी होणार ७९,५५० ने. करासाठी त्याला एवढे करायची गरज नव्हती. महिन्याला हजारभर रुपये एनपीएसला वळवले असते, तरी त्याचे उत्पन्न १२ लाखांखाली आले असते.

तिसरा सहकारी जरा वरच्या पदावर, पगार १४ लाख ५० हजार, मूळ वेतन निम्मे. त्याचे योगदान १,०१,५०० रुपये. तेवढे वजा होऊनही उत्पन्न १२ लाख ७३ हजार ५०० राहते, म्हणजे करसुटीची रेषा काही गाठली जात नाही. मग त्याला फक्त आपल्या टप्प्याच्या दराने, उपकरासह १५.६ टक्क्यांनी, १५,८३४ रुपये वाचतात. फायदा आहे, पण पहिल्या अभियंत्याच्या तुलनेत पाचव्या हिश्श्याइतका. आणि ज्यांचा पगार १२ लाख ७५ हजारांच्या आत आहे त्यांना मुळात करच नाही, तेव्हा वाचवायचे काय? त्यांच्या बाबतीत करापुरता हा पर्याय शून्य किमतीचा.

तर फायदा टक्केवारीतून येत नाही, तो १२ लाखांच्या रेषेपासून तुम्ही किती दूर आहात यातून येतो. मूळ वेतन पगाराच्या निम्मे असेल तर १४ टक्क्यांचा जोर पगाराच्या ७ टक्के एवढाच पडतो, आणि तेवढ्याने साधारण १३ लाख ७० हजारांपर्यंतचा पगार करमुक्त होऊ शकतो. मूळ वेतन पगाराच्या ३५-४० टक्के ठेवणाऱ्या कंपन्यांत ही पोहोच आणखी कमी. त्याउलट वरच्या टोकाला गणित सरळ आहे. वर्षाला ३० लाख पगार आणि १५ लाख मूळ वेतन असलेल्याचे २ लाख १० हजार एनपीएसमध्ये गेले की उपकरासह ३१.२ टक्क्यांनी ६५,५२० रुपये कर वाचतो. तिथे काठावरची गंमत नाही, पण दरवर्षी ठरलेली बचत आहे.

काठावर असणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: हिशोब एकट्या पगाराचा नसतो. आपल्या चाकणच्या अभियंत्याचे उत्पन्न ११,८९,८०० वर आले तेव्हा रेषेच्या आत फक्त १०,२०० रुपयांची जागा उरली होती. त्याच्या नावावर मुदत ठेव असेल आणि तिचे ३० हजार व्याज आले, तर एकूण उत्पन्न १२,१९,८०० होते. मार्जिनल रिलीफ धरूनही कर १९,८०० आणि उपकरासह २०,५९२ रुपये. कंपनीने पगारातून टीडीएस कापलेला नसतो, कारण तिला व्याज माहीतच नसते. मग जुलैत विवरणपत्र भरताना वीस हजार भरायचे म्हणजे डोक्याला हात. बँकेचे व्याज मार्चआधी बेरजेत धरले, तर निदान धक्का तरी बसत नाही.

आता चुकांकडे वळू. सर्वात जास्त दिसणारी चूक फॉर्म १६ मधली. आधी सांगितले तसे मालकाचे योगदान पगारात दिसले पाहिजे आणि मग वजा झाले पाहिजे. काही कंपन्यांच्या पगारपत्रकात ते पगारातून आधीच काढून टाकलेले असते, म्हणजे कलम १७(१) च्या आकड्यात ते नसतेच. कर्मचारी मात्र विवरणपत्रात ८०सीसीडी(२) पुन्हा भरतो. एकाच रकमेची दोनदा वजावट झाली. उलटही होते: पगारात मिळवले, पण वजावटीच्या रकान्यात लिहायचे राहिले, आणि कर्मचारी निष्कारण जास्त कर भरून बसतो. ओळखायची पद्धत सोपी आहे. वर्षभराच्या स्लिपांवरचा, एनपीएस सोडून इतर सगळ्या कमाईचा आकडा काढा आणि फॉर्म १६ मधला १७(१) चा आकडा शेजारी ठेवा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बरोबर एनपीएसच्या वार्षिक योगदानाइतका जास्त असला पाहिजे. दोन्ही सारखेच आले, तर योगदान आधीच वगळले आहे, आणि विवरणपत्र भरण्याआधी अकाउंट्सला गाठले पाहिजे.

दुसरी चूक पेन्शन खात्यातच असते. एनपीएसच्या व्यवहारपत्रकात प्रत्येक जमेसमोर कर्मचाऱ्याचे योगदान आणि मालकाचे योगदान असे वेगळे रकाने असतात. कंपनीने पगारातून रक्कम कापली, पण भरताना ती कर्मचाऱ्याच्या रकान्यात टाकली, तर कागदोपत्री ते तुमचेच योगदान ठरते आणि ८०सीसीडी(२) चा पाया निसटतो. काही ठिकाणी तर कर्मचारी आपल्या मोबाइलवरून स्वतः पैसे भरतात आणि पावती एचआरला दाखवून ‘मालकाचे योगदान’ म्हणून मागतात. तसे होत नाही. रक्कम मालकानेच भरलेली असली पाहिजे, आणि त्यासाठी कंपनीची कॉर्पोरेट एनपीएसमध्ये नोंदणी लागते. पूर्वीपासून स्वतःचा प्रान असलेल्याला नवा काढायची गरज नसते, तोच कंपनीच्या खात्याशी जोडून घ्यायचा. नोकरी बदलली आणि नवी कंपनी नोंदणीकृत नसली, तर प्रान तुमच्यासोबत राहतो, पैसेही राहतात, पण वजावट तिथेच थांबते.

वरच्या थरातल्या थोड्यांसाठी आणखी एक कुंपण आहे. आर्थिक वर्ष २०२०-२१ पासून पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन फंड या तिन्हींतले मालकाचे एकत्रित योगदान वर्षाला साडेसात लाखांच्या वर गेले की वरची रक्कम, आणि तिच्यावर दरवर्षी मिळणारा परतावाही, परक्विझिट म्हणून करपात्र होतो. पीएफचे १२ आणि एनपीएसचे १४ मिळून २६ टक्के धरले तर ही रेषा सुमारे २८ लाख ८० हजारांच्या मूळ वेतनावर येते. त्याखालच्यांनी या कुंपणाची चिंता करू नये. त्यावरच्यांनी मात्र १४ टक्क्यांवर डोळे मिटून टिक करू नये.

आतापर्यंत जे वाचले ते आजच्या करात वाचले. पुढे काय होते? १९६१ च्या कायद्यात साठीला एकरकमी काढता येणाऱ्या एनपीएसच्या ६० टक्क्यांना करमाफी लिहिली होती. उरलेल्या रकमेतून ॲन्युइटी घ्यायची, आणि ती दरमहा हाती आली की त्या वेळच्या टप्प्याप्रमाणे करपात्र. डिसेंबर २०२५ मध्ये पीएफआरडीएने बिगरसरकारी सभासदांसाठी ॲन्युइटीचे बंधन ४० वरून २० टक्क्यांवर आणले. पण पैसे काढायची मुभा हा एका नियामकाचा नियम आहे आणि करमाफी ही आयकर कायद्याची बाब. ‘८० टक्के मिळणार’ म्हणजे ‘८० टक्के करमुक्त मिळणार’ असे कोणी सांगितले, तर ते कोणत्या कलमात लिहिले आहे एवढे विचारा. मुदतीआधीच बाहेर पडायचे ठरवले तर मोठी रक्कम असलेल्याला ८० टक्क्यांची ॲन्युइटी घ्यावी लागते. मधल्या अडचणीला म्हणून असलेली अंशतः रक्कम काढण्याची सोय तर फक्त स्वतःच्या योगदानाच्या २५ टक्क्यांपुरती आहे. मालकाच्या रकान्यातले पैसे त्या मोजणीत येतच नाहीत. म्हणजे ज्याच्या खात्यात फक्त मालकाचेच योगदान आहे, त्याला मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला यातून काही काढता येणार नाही. एचआरच्या मेलमध्ये ही ओळ मी तरी कधी पाहिलेली नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. साडेबारा-पावणेतेरा लाखांच्या आत पगार असलेल्या तरुणाला कर वाचवण्याच्या नावाखाली हा पर्याय गळ्यात बांधू नये. त्याला निवृत्तीसाठी साठवायचेच असेल तर गोष्ट वेगळी, पण मग त्याने तो निर्णय त्या नावाने घ्यावा. तेरा ते पावणेचौदा लाखांच्या पट्ट्यातल्याने हा रकाना मोकळा सोडणे म्हणजे सरळ नुकसान. वीस लाखांच्या पुढच्यांनी घरकर्ज आणि मुलांच्या शिक्षणाचे हप्ते सांभाळून जेवढे पैसे साठीपर्यंत हात न लावता ठेवता येतील तेवढेच वळवावेत, मग ते १४ टक्के असोत की ६. बऱ्याच कंपन्या योगदानाचा आकडा मर्यादेच्या आत हवा तेवढा ठेवू देतात.

काहींच्या मेलमध्ये हा रकानाच नसेल. कंपनीने कॉर्पोरेट एनपीएस घेतलेले नसेल तर एकट्याने तक्रार करून उपयोग होत नाही, चार-दहा जणांनी मिळून लेखी मागणी करा. सीटीसी तीच राहते, त्यामुळे मालकाला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, आणि मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंतचे योगदान त्यालाही व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करता येते, हे अर्जातच लिहा. आणि अर्ज फेब्रुवारीत करू नका. वर्षाच्या सुरुवातीला केलात तर बाराही महिन्यांचे योगदान त्याच वर्षाच्या वजावटीत बसेल.